पेरूपर्यंत आलेला वास

बेसनाचे लाडू करायचे म्हटले की माझी आजी घराबाहेर जाऊन बसायची. आत चुलीपाशी आई, बाहेर अंगणात आजी. आई उलथनं फिरवून घामाघूम, आणि आजी आपली पदर सावरून खुशाल बसलेली. मध्येच ओरडायची, "रत्ने, आच कमी कर." थोड्या वेळानं, "आता हात थांबवू नगंस." आणि शेवटी, "उतरव." आई उतरवायची. लाडू चुकला असं कधी झालं नाही.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच करतात. सासू बाहेर, सून आत. एकदा शाळेत मी हे सांगितलं तर पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी घरी येऊन आजीवर फणफणले. म्हटलं, "तू काय हवा खायला बसतेस काय बाहेर? स्वतः भाज की." आजी म्हणाली, "मला आतनं येत न्हाई गं. मी भाईरनं शिकले."

ही माझी आजी पारूबाई. अवसरी बुद्रुकला आमचं घर, गावाच्या ओढ्याकडच्या अंगाला. आजोबांनी, भागुजींनी, धम्मदीक्षा घेतली तेव्हा आजी नवी नवरी होती. त्यानंतर आमच्या माणसांनी गावची जुनी कामं सोडली, मोलमजुरी धरली. आजीला काम मिळालं कुशाबाईंच्या घरचं. मोठी बागायत, बटाटा, कांदा, दावणीला सहा म्हशी. आजीचं काम परसात: धान्य पाखडायचं, डाळी निवडायच्या, मिरच्यांची देठं काढायची. स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडायची. खिडकीपासून चार हातांवर पाण्याचा हौद, हौदापलीकडे एक बसका दगड आणि त्याच्याही पलीकडे पेरूचं झाड. आजीची जागा त्या दगडावर. आत येऊ नको असं तिला कुणी कधी म्हणालं नाही. म्हणावं लागत नव्हतं. कुणी बोलून दाखवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं मला आजही वाटतं.

कुशाबाईंच्या हातचे बेसनाचे लाडू मंचरपर्यंत नावाजलेले. त्या खिडकीशी चुलीवर भाजायच्या आणि आजी बाहेर सूप हलवत वास घ्यायची. बघायला काही मिळायचं नाही, मग करणार काय? नाकाला कुणाची बंदी असते? वर्षादोनवर्षांत तिला सगळं पाठ झालं. पहिल्यांदा निव्वळ तुपाचा वास येतो, तो खिडकीतच घुटमळतो. मग पीठ पडलं की कच्च्या डाळीचा, भिजल्या हरभऱ्यासारखा. मग एक वेळ अशी येते की वासच हरवतो. पीठ सगळं तूप पिऊन बसतं, जड होतं. अडाणी बाई तिथंच घाबरते, आणखी तूप ओतते किंवा आच वाढवते. "तवाच दम धरायचा," आजी म्हणायची. मग फुटाण्यांचा वास सुटतो, तो हौदापर्यंत येतो. त्याला भुलायचं नाही. त्यानंतर भाजल्या शेंगदाण्यासारखा, गोडसर, खमंग. तो दगडाला ओलांडून पेरूपाशी पोचला की उतरवायचं. लगेच. कढई तापलेली असते, खाली उतरवली तरी आतलं पीठ भाजतच राहतं, म्हणून परातीत काढायचं आणि वरून दुधाचा हबका मारायचा. त्यानं भाजणं थांबतं आणि पीठ रवाळ फुलतं. तो हबक्याचा चर्र आवाजही आजीनं बाहेरूनच ऐकलेला.

आणि रंग? कुशाबाई संध्याकाळी एक लाडू तिच्या पदरात टाकायच्या. वरून. आजी तो घरी जाताना वाटेत फोडून उन्हात धरायची. आज वास असा होता आणि लाडवाचा रंग असा आला, हे मनात जुळवून ठेवायची. पिवळाधमक असला तर कच्चा, टाळूला चिकटणार. गव्हाच्या काडीचा रंग असला तर बरोबर. गुळाकडे झुकला तर पुढं गेला. असं तिचं शिक्षण. कुणी शिकवलं नाही आणि कुणाला ठाऊकही नाही.

मला मात्र तिनं शिकवलं, अगदी छळून. मी दहा वर्षांची असल्यापासून आई आत भाजायची आणि आजी मला अंगणात डोळे मिटून बसवायची. "आता कसला?" "खमंग." "खमंग म्हनं. फुटाण्याचा हाय त्यो. नाक हाय का भोकं?" फुटाण्याच्या वासाला मी निदान पाचसहा वेळा फसले असेन. नंतर मी आईचा हात धरून आत भाजायलाही शिकले. एवढं सगळं झाल्यावर मी एकदा विचारलं, "आजी, तुला कधी वाटलं न्हाई आत जावंसं?"

तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "वाटतं की. एकदा त्या कढईपाशी हुबं राहायचं हाय. भाजताना त्यो रंग कसा दिसतो, ते बघायचं हाय. मग डोळं मिटलं तरी चालंल." तिला हसायला आलं, मला नाही आलं. मला रागच आला. आईच्या कढईत का नाही बघत, म्हटलं. तर म्हणे, "तिची मी शिकविल्याली. मला जिथनं शिकले ती बघायची."

दोन हजार दोन साली माझी दहावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात कुशाबाईंच्या नातीचा साखरपुडा निघाला. घरातच करायचा होता, पाहुणे चारला येणार. आजीला तांदूळ निवडायला बोलावणं आलं. ती अडुसष्टची झालेली, दमा लागायचा, म्हणून मी बरोबर गेले. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं. बोर्डात मराठीचा पेपर लिहून आलेली मुलगी मी, आणि परसात बसून खडे वेचायचे?

आम्ही पोचलो तेव्हा आत कढई चढलेली होती. कुशाबाई आता पंचाहत्तरच्या, हात कापायचे, त्यामुळे सून साळुबाई भाजत होती. चुलीच्या जागी मोठी गॅसची शेगडी आलेली. आजी दगडावर बसली, मी खाली पोतं टाकून. सूप हातात घेतलं आणि आजीचं नाक वर झालं.

"आच लई मोठी हाय," ती मला हळूच म्हणाली.

"असू दे."

"कच्चा वास गेला न्हाई अजून, आन वरनं करपट सुटलाय. भाईरून जळतंय आन आतनं कच्चं ऱ्हातंय. हुंगून बघ."

मी हुंगलं. खरंच होतं. दोन वास एकमेकांत घुसलेले, भिजल्या डाळीचा आणि धुरकट कडू. मी म्हटलं, "जळू दे. त्यांचं त्या बघतील. तुला काय करायचंय?"

आजीचे हात सुपात थांबले. तिला ते सहन होत नव्हतं, हे मला दिसत होतं. दोन किलो रवाळ पीठ, घरच्या म्हशीचं किलोभर तूप, आणि पाहुण्यांपुढं जाणार. पण त्या घरात तिनं आपणहून तोंड उघडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग मलाच काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "एवढं कळतंय तर सांग की मग. का नुसती बसलीस?"

आजीनं माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीच्या दिशेनं मान वर केली. "साळुबाई, आच कमी करा. करपाया लागलंय."

साळुबाई हातात उलथनं घेऊन दारात आली. बाहेरच्या बाईनं आतल्या कढईबद्दल बोलावं, तिला काही समजेचना. "तुला गं काय ठावं?" म्हणाली. तेवढ्यात तिच्या मागून धुराचा भपका आला. ती पळत आत गेली, पण उशीर झाला होता. बेसनात काळे कण फिरायला लागले होते.

काठी टेकत कुशाबाई मागच्या दारात आल्या. आधी सुनेला चार शब्द सुनावले, मग आजीकडे वळल्या. "पारू, तुला कसं कळलं?"

"वासानं."

"हितनं?"

"हितनंच."

मला वाटलं, आता हिला झापणार. त्या म्हणाल्या, "अजून दोन किलो पीठ हाय. माझा हात चालत न्हाई, हिला जमत न्हाई. तू ये आत."

साळुबाई दचकली. "आत्याबाई, पाव्हणं येणार हायती," एवढंच बोलली. पाहुण्यांचं नाव काढून तिला काय म्हणायचं होतं, ते परसातल्या कोंबड्यांनाही कळलं असेल. कुशाबाई म्हणाल्या, "मग करपल्याले वाढतीस का?"

आजी उठली. हौदावर जाऊन हात धुतले, पाय धुतले, पुन्हा हात धुतले. उंबऱ्यापाशी तिचा पाय अडखळला, मी मागून हात दिला. आत गेल्यावर तिनं आधी इकडं तिकडं पाहिलं. भिंतीची फरशी, पितळेचे डबे, खिडकी. खिडकीतून बाहेरचा दगड दिसत होता. आजी तिकडंच बघत राहिली.

कढई घासून पुन्हा चढवली. आजीनं आच बारीक करायला लावली, तूप अर्धंच घातलं, बाकीचं बाजूला ठेवलं. पीठ पडलं. तिनं उलथनं हातात घेतलं, तळापासून फिरवायला लागली. साळुबाई, कुशाबाई, मी, तिघी बघत उभ्या. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. वाटत होतं, बघा, बघा सगळ्यांनी, माझी आजी कुठं उभी आहे.

अर्ध्यापाऊण तासानं आजी म्हणाली, "झालं. परात आणा."

मी कढईत डोकावले. झालेलं नव्हतं. उलथन्याला पीठ अजून जड लागत होतं, कडेला तूप सुटलं नव्हतं. मी आजीच्या कानाशी म्हटलं, "आजी, अजून न्हाई."

"रंग बघ की. गव्हाच्या काडीचा आलाय. लाडवाचा रंग हाय त्यो."

"लाडवाचा हाय, म्हणून तर न्हाई. पिठीसाखर पडली की फिका पडतो. कढईत यापेक्षा एक पायरी गडद दिसाया पायजे."

मी हळू बोलले होते, पण स्वयंपाकघर ते केवढं. साळुबाईच्या तोंडावर हसू आलं. कुशाबाईंनी एक चिमूट उचलून जिभेवर ठेवली, टाळूला जीभ लावली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. आयुष्यभर तिनं साखर पडलेलाच रंग पाहिला होता. कढईतला तिला माहीतच नव्हता. मी जीभ चावली असती तर बरं झालं असतं. ज्या ठिकाणी तिला एकदा उभं राहायचं होतं, तिथंच, त्या दोघींच्या देखत मी तिला चुकीची ठरवली. आजही आठवलं की माझे कान तापतात.

"आन वासबी हितं कळंना," आजी म्हणाली, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "चारी अंगानं येतोय. फुटाण्याचा कंचा आन खमंग कंचा, निवडताच येत न्हाई." तिनं उलथनं माझ्या हातात दिलं. "साखर पडली न्हाई, काय बिघडलं न्हाई. तू चालव. मी भाईर बसते."

"भाईर कशाला? हितं बस ना."

"मला भाईरनं कळतं, तेजे."

आणि गेली. स्वतःच्या पायानं, पुन्हा त्या दगडावर. मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांनी आत आलेली बाई अशी उठून बाहेर जाते, आणि ती माझ्यामुळं. मी रागारागानं उलथनं फिरवत होते आणि नाक ओढत होते. साळुबाई म्हणाली, "अगं, डोळं पूस आधी, त्यात पडंल." एवढी काही वाईट बाई नव्हती ती.

मी उरलेल्या तुपातलं थोडं थोडं सोडत होते. खिडकीतून आजी दिसत होती, डोळे मिटून बसलेली. मग काठीचा आवाज ऐकू आला. कुशाबाई दारातून बाहेर पडल्या, हौदाला वळसा घातला आणि दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आजी उठायला लागली तर त्यांनी तिचा खांदा दाबला आणि तिच्याच शेजारी टेकल्या. दगड काही दोघींचा नव्हता. चिकटूनच बसावं लागलं.

"वास हितवर येतो व्हय गं?" कुशाबाई म्हणाल्या.

"येतो की. रोज येतो."

"माझा कधी चुकला का?"

आजी म्हणाली, "दोनदा. एकदा तुमच्या लेकीच्या, थोरल्या ताईच्या सासरहून वाईट सांगावा आला व्हता त्या दिशी. करपला. तुमी रडत व्हता, उलथनं थांबलं व्हतं. आवाजच न्हाई आला बराच वेळ. दुसऱ्यांदा मालक दवाखान्यात व्हते तवा. कच्चाच काढला तुमी."

कुशाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "ते घरात कुणालाबी ठावं न्हाई, पारू."

"मी कुणाला सांगितलंबी न्हाई."

इकडं उलथन्याखाली पीठ एकदम हलकं झालं. वळसा घातला की आपोआप पुढं सरकायला लागलं, कडेला तूप चकाकलं, वरचा फेस बसला. रंग काडीवरून पुढं सरकून भाजल्या शेंगदाण्याच्या दाण्यावर आला. मला आतून दिसत होतं, पण मी ओरडले नाही. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. एक वळसा. दोन.

"उतरव," बाहेरून आजी म्हणाली.

साळुबाईनं परात पुढं केली, मी कढई पालथी केली, दुधाचा हबका मारला. चर्र झालं आणि पीठ फसफसून फुललं. मी खिडकीतून म्हटलं, "आजी, आता आत ये. रंग बघायला ये. लवकर."

ती आली. या वेळी उंबऱ्याशी अडखळली नाही. परातीवर वाकली आणि बघत राहिली. साखरेशिवायचा, तुपानं ओला, बदामी, दाणेदार. तिनं मान डोलवली. "असा असतो व्हय," म्हणाली. "मी उगाच इतकी वर्सं फिका ध्यानात ठिवला." मी तिला धरलं.

साळुबाई साखरेचा डबा घेऊन आली. आजी म्हणाली, "आत्ता न्हाई. गरमात साखर घातली तर पाणी सुटतं, लाडू बसतो. कोमट होऊ द्या." म्हणजे तासभर तरी थांबणं आलं. साळुबाईनं काय विचार केला माहीत नाही. तिनं भिंतीला लावलेला पाट काढला आणि परातीशेजारी मांडला. आजी त्यावर बसली. मीही बसले. कुशाबाई आत येऊन समोर टेकल्या. त्या दोघींनी माझ्या परीक्षेचं विचारलं, गणिताचा पेपर कसा गेला ते विचारलं. पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी सतरंज्या अंथरल्याचा आवाज येत होता. कुणी आम्हाला उठा म्हणालं नाही.

पावणेतीनला साळुबाईनं परातीच्या कडेला बोट लावलं. "झालं असंल का कोमट?"

"वरनं न्हाई कळत," कुशाबाई म्हणाल्या. "मधी गरम ऱ्हातं. पारू, हात घालून बघ."

आजीनं हात पदराखाली घेतला. वास दुरून येतो, उलथन्याला लांब दांडा असतो. हात म्हणजे हात. तो त्या घराच्या खाण्यात, पाहुण्यांच्या पुढ्यात जाणाऱ्या लाडवात.

"घाल," कुशाबाई म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कुणाला कळंल?"

आजीनं बांगड्या मागं सारल्या. तिनं परातीच्या मधोमध तो घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. जितका वेळ लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ ठेवला. मग म्हणाली, "झालंय. साखर द्या."

साळुबाईनं डबा तिच्या पुढ्यात सरकवला.